साडेसाती : अडीचकी मोजायची कशी आणि तारखा का जुळत नाहीत

चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीतून शनी जातो, तो काळ म्हणजे साडेसाती. प्रत्येक राशीची एक अडीचकी. संहिताग्रंथांत शनीचे गोचरफळ बाराही स्थानांना वेगवेगळे दिले आहे आणि तिसरा, सहावा, अकरावा एवढेच शनी शुभ मानले आहेत. म्हणून चौथा आणि आठवा शनी त्रासाचा मानला जातो, पण ती साडेसाती नव्हे.

शनीची प्रदक्षिणा सुमारे साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे राशीला सरासरी अडीच वर्षांहून थोडे कमी. त्यात तो दरवर्षी वक्री होतो आणि राशीच्या सीमेजवळ असला तर मागच्या राशीत परततो. मीन राशीचेच बघा. 29 एप्रिल 2022 रोजी शनी कुंभेत आला आणि पहिली अडीचकी लागली. 12 जुलैला तो मकरेत परतला, तेव्हा मीनेला पुन्हा अकरावा झाला. 17 जानेवारी 2023 पासून पहिली अडीचकी परत चालू झाली. 29 मार्च 2025 ला दुसरी लागली, तिसरी 3 जून 2027 ला लागेल. मधली ये-जा धरून मीनेची साडेसाती पूर्णपणे सुटते एप्रिल 2030 मध्ये. सुरुवातीच्या तारखेत साडेसात वर्षे मिळवून शेवट काढला की हिशेब चुकतो तो इथे.

वरच्या तारखा चित्रापक्षाच्या, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ ठरवणाऱ्या पद्धतीच्या आहेत. वसंतसंपातापासून हा आरंभ जितके अंश पुढे धरतात, तो अयनांश. 1955 च्या सरकारी पंचांगसुधारणा अहवालाने चित्रापक्षाचा अयनांश धरला आणि बहुतेक पंचांगे आज त्याच्या जवळ आहेत. महाराष्ट्रात मात्र रेवती ताऱ्यावरून आरंभ धरणारा रैवतपक्षही टिकून आहे आणि त्याचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी आहे. शनी वर्षाला साधारण बारा अंश चालतो, त्यामुळे रैवत पंचांगात त्याचा राशिप्रवेश सरासरी चार महिने आधी पडतो. घरात दोन पंचांगे असली की वाद होतो तो यावरून.

याहून मोठा घोटाळा जन्मराशीचा. चित्रापक्षाने चंद्र कुंभेच्या 28 अंशांवर असेल, तर रैवतपक्षाने तो मीनेच्या दुसऱ्या अंशाच्या आसपास येतो. म्हणजे राशीच बदलली आणि अख्खी अडीचकी सरकली. पत्रिका एका पक्षाची आणि शनीचा प्रवेश दुसऱ्या पक्षाचा घेतला, तर उत्तर कोणत्याच पद्धतीने बरोबर नसते. चित्रापक्ष आज सर्वत्र चालतो, म्हणून पडताळणीला तोच सोयीचा. पण जो घ्याल तो दोन्हीकडे एकच हवा.

वर्तमानपत्रातल्या वाढदिवसावरच्या राशी सूर्याच्या असतात, त्यांवरून साडेसाती निघत नाही. नावाच्या आद्याक्षरावरची राशीही तेव्हाच चालते, जेव्हा नाव जन्मनक्षत्राच्या चरणावरून ठेवलेले असते. चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो. तेव्हा जन्मदिवशीच राशी बदलली असेल, तर नुसत्या तारखेवर न थांबता जन्मवेळ पाहावी.