इग्नू: बेरीज ४५, तरी विषय अपूर्ण का?

इग्नूच्या बीए (बीएजी) विद्यार्थ्याचं ग्रेड कार्ड बघा. विषय BPSC-131. असाइनमेंटला ८०, सत्रांत लेखी परीक्षेला ३०, आणि पुढे शेरा: विषय अपूर्ण. असाइनमेंटचं वजन ३० टक्के, लेखीचं ७० टक्के. म्हणजे ८० चे २४ आणि ३० चे २१, बेरीज ४५. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, मग हा विषय अडला कसा, असं घरचे विचारतात.

अडला, कारण ते ३५ बेरजेत नाही, दोन्हीकडे वेगवेगळे हवेत. असाइनमेंटमध्ये १०० पैकी ३५ आणि लेखीतही १०० पैकी ३५. एमएला हीच अट दोन्हीकडे ४० ची आहे. असाइनमेंटला कितीही भरभरून गुण मिळाले, तरी लेखीतली पाच गुणांची तूट त्यातून भरून निघत नाही. उलटही तसंच. लेखीत ७२ आणि असाइनमेंट दिलीच नाही, तर ते ७२ नुसतेच पडून राहतात.

त्यामुळे शेरा दिसला की आधी बघायचं, कमी कुठे पडलं.

लेखीत कमी पडलं असेल, तर असाइनमेंटचे गुण तसेच राहतात, ती पुन्हा लिहू नका. पुढच्या जून किंवा डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म त्या विषयापुरता भरायचा. फॉर्म ऑनलाइन असतो. नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा कोड, विषयाचा कोड आणि परीक्षा केंद्र निवडून विषयागणिक शुल्क भरायचं. अलीकडच्या परीक्षांना ते लेखी विषयाला २०० रुपये होतं. मागच्या वेळी भरलेलं शुल्क पुढच्या परीक्षेला चालत नाही. कोर्सचं शुल्क मात्र पुन्हा द्यावं लागत नाही, फक्त प्रवेशाची कमाल मुदत संपलेली नसावी. बीएला ती ६ वर्षं आहे. परीक्षेला जाताना हॉल तिकीट आणि इग्नूचं ओळखपत्र दोन्ही बरोबर घ्या.

असाइनमेंट राहिली किंवा तिथे ३५ पेक्षा कमी आले, तर लेखीचे गुण शाबूत राहतात आणि फक्त असाइनमेंट नव्याने द्यावी लागते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रश्नसंच बदलत राहतो. कोणत्या प्रवेशसत्रासाठी आहे आणि शेवटची तारीख काय, हे संचावरच छापलेलं असतं. ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून मिळालेला जुना संच सोडवून दिला तर मेहनत फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. ignou.ac.in वरून चालू संच उतरवून घ्या. एकदा उत्तीर्ण झालेली असाइनमेंट गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. तिचं पुनर्मूल्यांकनही होत नाही, तपासणाऱ्याकडून बेरजेसारखी चूक झाली असेल तरच दाद मागता येते. लेखीच्या पेपरचं पुनर्मूल्यांकन मात्र मागता येतं, निकालानंतर ठरलेल्या मुदतीत.

सोबत लागतं ते फार नाही. उत्तरं स्वतःच्या हाताने, प्रत्येक विषयाची वेगळी, पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, नाव, पत्ता, विषयाचा कोड, स्टडी सेंटरचा कोड, तारीख आणि सही. कोडमधला एक आकडा चुकला तर गुण दुसऱ्याच विषयाखाली शोधत बसावं लागतं. जमा करायची आपल्या स्टडी सेंटरवर, पण मुंबई, पुणे, नागपूर किंवा पणजी, ज्या रिजनल सेंटरच्या हद्दीत आपण येतो, त्याची त्या सत्राची सूचना आधी वाचा. पोच घ्या, आणि उत्तरांची झेरॉक्स किंवा फोटो ठेवा. माझ्या मते पोचपावती हॉल तिकिटापेक्षा जास्त जपावी. हॉल तिकीट पुन्हा छापता येतं, पोच कोणी पुन्हा देत नाही.

आणखी एक शक्यता राहते. असाइनमेंट दिलेली असते, तपासलेलीही असते, पण गुण ग्रेड कार्डवर चढलेले नसतात. हे ओळखायला सोपं आहे: त्या रकान्यात कमी गुण नसून रकाना रिकामाच दिसतो. अशा वेळी नवी असाइनमेंट लिहायला बसू नका. पोचेची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि ग्रेड कार्डची छापील प्रत जोडून स्टडी सेंटरच्या समन्वयकाकडे लेखी अर्ज द्या. अर्जात नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड, सत्र आणि जमा केल्याची तारीख एवढं पुरतं. सेंटरने गुण पुढे पाठवले असं उत्तर मिळालं, तर ते कोणत्या तारखेला पाठवले हे लिहून घ्या आणि तोच अर्ज रिजनल सेंटरकडे द्या. रकान्यात गुण आले की लेखीचे थांबलेले गुण त्यांच्यासह जोडले जातात आणि शेरा बदलतो, त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही.