कार्निटाइन घेतलं की चरबी जळते?

"कार्निटाइन चरबीला पेशीच्या भट्टीत नेतं, म्हणून त्याच्या गोळ्या घेतल्या की चरबी भराभर जळते."

पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा पटतो.

चरबीतलं लांब साखळीचं मेदाम्ल मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीच्या त्या भट्टीच्या, आतल्या पडद्यातून आपलं आपण जात नाही. बाहेरच्या पडद्यावरचं सीपीटी-१ हे विकर त्याला कार्निटाइनला जोडतं, ही जोडी आत जाते, तिथे मेदाम्ल उतरतं आणि कार्निटाइन रिकामं परत येतं. नदीवरच्या तरीसारखं. ते खर्च होत नाही, त्यामुळे थोडंसंच पुरतं.

अडतं ते धक्क्यावर. भात-पोळी खाल्ली की इन्सुलिन वाढतं, पेशीत मॅलोनिल-कोए नावाचं संयुग तयार होतं आणि ते सीपीटी-१ला थोपवतं. होड्या वाढवून काय उपयोग?

शिवाय होड्या वाढतही नाहीत. २ ग्रॅमच्या गोळीतलं साधारण १५ टक्के, म्हणजे ३०० मिलिग्रॅम रक्तात येतं. शरीरात आधीच २० ग्रॅमच्या आसपास साठा असतो, बहुतेक स्नायूंत. रक्तातलं जास्तीचं मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. न शोषलेल्यापासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथिलअमाइन बनवतात. काहींच्या घामाला मासळीसारखा वास येतो तो त्यामुळेच.

खरी कमतरता असते, पण क्वचित: जन्मजात दोषात, डायलिसिसवर किंवा व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं औषध घेणाऱ्या काहींत. ती रक्ततपासणीत कळते, आणि तिथे डॉक्टर कार्निटाइन औषध म्हणूनच देतात.