रीफ नॉटने दोन दोर जोडू नका

“फोटोतली सपाट गाठ रीफ नॉटच ना? दोन दोर जोडायला तीच सर्वांत पक्की?”

गाठ रीफ नॉटच आहे. प्रत्येक टोक आपल्याच दोराला समांतर निघतं. आडवं निघालं असतं तर ती ग्रॅनी नॉट ठरली असती. पण दोर जोडायला ही गाठ धोकादायक आहे. एक टोक उलट दिशेला ओढलं गेलं की तो दोर सरळ होतो आणि दुसऱ्याचा फास त्यावरून घसरून निघतो. ती बँडेज किंवा पार्सल बांधायला ठीक.

जोडायला शीट बेंड घ्या. जाड दोराचा वाक धरा, बारीक दोर त्या वाकातून खालून वर काढा, वाकाच्या दोन्ही पदरांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खाली खोचा. गुळगुळीत नायलॉनला दोन वेढे द्या. ताण नसताना मात्र हीसुद्धा सैल पडते, म्हणून टोकं लांब ठेवा.