‘साभार पोच’च्या पलीकडे: साप्ताहिक लिंकसंग्रहाची पार्श्वभूमी

मराठी मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ नावाचं एक सदर असतं. परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, बस्स. पुस्तक कार्यालयात पोचलं एवढं त्यातून कळतं. ते वाचावं का, हे कळत नाही. आठवडाभराच्या लिंका गोळा करून देणारी बरीचशी टिपणं आज साभार पोच असतात. दहा-बारा मथळे आणि खाली ‘जरूर वाचा’. लिंकेखालची दोन-चार वाक्यं खरं तर वेगळ्याच कामासाठी जन्माला आली, आणि ते काम काळागणिक बदलत गेलं.

निवडून देण्याचा उद्योग इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. लंडनमध्ये १७३१च्या जानेवारीत एडवर्ड केव्ह याने ‘जंटलमन्स मॅगझिन’ सुरू केलं. एकट्या लंडनमध्ये महिन्याला निदान दोनशे वृत्तपत्री अर्धे ताव छापले जातात आणि देशात इतरत्र जवळपास तेवढेच, इतकं सगळं कोण वाचणार, असा त्याच्या प्रस्तावनेचा सूर होता. केव्ह टपाल खात्यात नोकरीला होता, त्यामुळे गावोगावची पत्रं त्याच्या हाताखालून जात. साप्ताहिकांमधले निबंध आणि वादविवाद तो थोडक्यात सांगे आणि मजकूर कुठल्या पत्रातला, तेही देई. त्याच्या वाचकाला मूळ अंक मिळण्याची शक्यता कमीच होती. त्यामुळे सारांश हाच माल होता. आज मूळ लेख एका टिचकीवर असताना नुसता सारांश दिला की तो फिका वाटतो, त्याचं कारण हेच: ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचणच उरलेली नाही.

वेब आलं तेव्हा अडचण उलटी झाली. पानं सगळ्यांना खुली, पण ती आहेत हेच कुणाला माहीत नाही. मोझेक ब्राउझर तयार करणाऱ्या एनसीएसए या अमेरिकी संस्थेने जून १९९३पासून ‘नवीन काय’ अशा अर्थाचं एक पान चालवलं. नवं संकेतस्थळ आलं की त्याचं नाव आणि एखाद-दुसरं वाक्य. तेव्हा एवढं पुरे होतं, कारण ‘हे अस्तित्वात आहे’ हीच बातमी होती. तीन वर्षांत ते पान थांबलं. वेब इतकं फुगलं होतं की ‘हे आहे’ यात सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्यानंतरचा टप्पा महत्त्वाचा. डिसेंबर १९९७मध्ये जॉर्न बार्गर या अमेरिकी गृहस्थांनी ‘रोबोट विस्डम’ या आपल्या पानावर रोज वाचलेल्या पानांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि तिला ‘वेबलॉग’ म्हटलं. ब्लॉग हा शब्द यातूनच निघाला. म्हणजे मुळात ब्लॉग म्हणजे दैनंदिनी नव्हती, लिंकांची वही होती. १९९९च्या सुरुवातीला अशा वह्यांची जी यादी फिरत होती, तिच्यात अवघी २३ नावं होती. आपली वही सुरू केल्यावर दहा वर्षांनी, २००७मध्ये, बार्गरनी नवोदितांसाठी काही सूचना लिहिल्या. त्यातल्या तीन आजही तंतोतंत लागू पडतात. पानाचा मूळ मथळा तसाच न उचलता त्याहून चांगलं वर्णन करा, इतकं नेमकं की ज्याने ते पान आधी वाचलंय त्याला ते ओळखू यावं. ज्याच्याकडून लिंक मिळाली त्याचं नाव घ्या. आणि पुढे काय खड्डा आहे ते आधीच सांगा: फाइल अवजड आहे, लेख अनेक पानांत तोडलेला आहे, मांडणी विचित्र आहे. आज याच यादीत ‘पैसे भरल्याशिवाय पूर्ण दिसत नाही’ आणि ‘तासाभराचा व्हिडिओ आहे, मुद्दा शेवटी येतो’ हे घालावं लागेल. चौथी सूचना होती, आपली प्रतिक्रिया सांगणारं एखादं विशेषण नेहमी द्यावं. ही मात्र जपून घ्यावी. ‘सुंदर’, ‘डोळे उघडणारा’, ‘वाचनीय’ ही विशेषणं कुठल्याही लिंकेखाली बसतात, आणि जे कुठेही बसतं त्यातून वाचकाच्या हाती काही पडत नाही.

१९९८मध्ये न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेनिस डटन यांनी ‘आर्ट्स अँड लेटर्स डेली’ सुरू केलं आणि टिपेला आकार दिला. रोज तीन नव्या लिंका, प्रत्येकीला दोन-तीन वाक्यं, आणि त्या वाक्यांत लेखातला वाद असा मांडलेला की एक बाजू घेतल्याशिवाय राहवू नये. मराठी वाचकाला हा बाज परका नाही. आपल्याकडे वृत्तपत्रांत अग्रलेखाच्या जोडीला स्फुटं असत: बातमी एका ओळीत आणि तिच्यावरचं मत चार ओळींत. लिंकेखालची टीप ही कात्रणापेक्षा स्फुटाची जवळची नातेवाईक आहे.

मग हे काम यंत्रावर गेलं. २००३मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशियस’ ही वेबपानांच्या खुणा साठवायची सेवा काढली. तिच्यात एक सोय होती: दिवसभरात जे साठवाल ते ठरल्या वेळी तुमच्या ब्लॉगवर आपोआप प्रसिद्ध होई. मथळाही यंत्राचाच, ‘links for’ आणि पुढे तारीख. साठवताना टीप लिहायची चौकट होती, पण ती रिकामी ठेवली तरी चालत असे. साहजिकच ती रिकामी राहू लागली. स्वतःसाठी ठेवलेली खूण आणि वाचकासाठी लिहिलेली टीप यांतला फरक पुसला गेला. आजच्या ‘साभार पोच’ पद्धतीचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

रोजच्याऐवजी आठवड्याची लय का टिकली, हे तांत्रिक साप्ताहिकांकडे पाहून समजतं. लिनक्स या संगणक प्रणालीच्या घडामोडी सांगणारं ‘लिनक्स वीकली न्यूज’ जानेवारी १९९८पासून चालू आहे. १९९९मध्ये झॅक ब्राउन यांनी सुरू केलेलं ‘कर्नल ट्रॅफिक’ तर लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांच्या ईमेल-चर्चा आठवड्यागणिक निवडून सांगे. अंकाच्या माथ्यावरच या खेपेला किती पत्रं पाहिली आणि ती किती जणांनी लिहिली होती याचा हिशेब असे. सोमवारी पेटलेला वाद गुरुवारपर्यंत मिटतो, दावा मागे घेतला जातो, कुणी तरी मूळ चूक दाखवून देतं. सोमवारी लिहिणाऱ्याच्या हातात फक्त दावा असतो. आठवड्याअखेरीस लिहिणाऱ्याच्या हातात दावा, उत्तर आणि निकाल असतो. वाचकाला न दिसणारा हा मधला पट्टा टिपेत आला, तरच थांबण्याचं सार्थक होतं. मंगळवारी लिहिलेली टीप शनिवारी तशीच छापली, तर दैनिकच उशिरा निघालं म्हणायचं.

एक लिंक घेऊन पाहू. १३ मार्च २०१३ रोजी गूगलने वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एका जागी वाचायला देणारी आपली ‘रीडर’ ही सेवा १ जुलैला बंद करणार असं जाहीर केलं. त्या आठवड्याच्या संग्रहात या घोषणेखाली अशी टीप टाकता आली असती:

‘गूगल रीडर बंद होतंय! फारच वाईट बातमी. सविस्तर इथे.’

ही पोच झाली. दुसरी जरा बरी:

‘गूगल रीडर १ जुलैला बंद होणार. वापर घटला आहे आणि कंपनीला मोजक्याच उत्पादनांवर लक्ष द्यायचं आहे, असं कारण दिलं आहे.’

ही केव्हची पद्धत. लेख उघडायची गरज संपली, पण हाती अधिक काही आलं नाही. तिसरी:

‘मुख्य घोषणेचा मथळा नुसत्या साफसफाईचा आहे, रीडर त्यात इतर अनेक गोष्टींसोबत यादीत आहे, म्हणून नजरेतून सुटू शकतं. १ जुलैच्या आत गूगलच्या टेकआउट सेवेतून आपला साठा उतरवून घ्या. त्यातली subscriptions.xml ही फाइल ओपीएमएल स्वरूपात असते आणि दुसऱ्या रीडरमध्ये थेट भरता येते. तारांकित लेख starred.json मध्ये येतात. ती फाइल सगळीकडे चालेलच असं नाही, तेव्हा हवेत त्या लेखांचे पत्ते वेगळे लिहून ठेवा.’

पन्नास-साठ शब्द आहेत. बातमी त्यात गृहीत धरली आहे. फाइलींची माहिती आलीय ती टेकआउट स्वतः उघडून पाहिल्यामुळे. अशी एक टीप लिहायला पाऊण तास सहज जातो, आणि म्हणूनच आठवड्याला पाच ते सात लिंकांच्या वर गेलं की टिपा पातळ होतात. तीस साठवून सहा द्याव्यात. ज्या लिंकेवर मथळ्यातल्या शब्दांशिवाय एकही वाक्य सुचत नाही, तिच्यावर आपण अजून काही वाचलेलंच नाही असं समजून ती वगळावी. टिपेचा कच्चा मसुदा वाचतानाच लिहावा. शुक्रवारी रात्री मागे वळून पाहिलं की फक्त मथळे आठवतात आणि विशेषणं सुचतात.

दोन चुका नेहमी होतात. जुना लेख नव्याने फिरू लागतो आणि तो या आठवड्याचा म्हणून घेतला जातो. लेखाच्या माथ्यावरची तारीख पाहा; ती नसेल तर आतल्या सर्वांत ताज्या घटनेवरून अंदाज येतो. दुसरी चूक पत्त्याची. ईमेलमधून उचललेल्या पत्त्याला शेपूट असतं:

```
https://example.com/lekh?id=482&utm_source=patra&utm_medium=email
```

‘utm_’ने सुरू होणारे तुकडे वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी असतात, ते काढावेत. पण प्रश्नचिन्हापासून सगळंच छाटलं तर `id=482` जातं आणि भलतंच पान उघडतं. छाटलेला पत्ता लॉगिन नसलेल्या खिडकीत एकदा उघडून पाहावा. पैसे भरायची भिंत आहे का, हेही तिथेच कळतं.

रीडर गेल्यावर वाचक मोठ्या प्रमाणात ईमेलने येणाऱ्या संग्रहांकडे वळले. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट मोजण्याइतकी मोठी झाली: लिंका मरतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. यादृष्टीने जुने संग्रह वाचले की गंमत कळते. ज्यांच्याखाली ‘भन्नाट!’ एवढंच होतं, त्यांच्यात आज एक मेलेला पत्ता आणि एक उद्गारचिन्ह उरलं आहे. डटनच्या टिपा मात्र लेख गेला तरी वाद सांगतात. म्हणून टिपेत लेखाचं मूळ नाव, लेखक, कुठे आणि कधी आला हे चार शब्दांत असावं. पत्ता गेला की शोध घ्यायला तेवढाच धागा राहतो. आणि संग्रह प्रसिद्ध करायच्या दिवशीच प्रत्येक लिंक `web.archive.org/save` इथे टाकून तिची प्रत करून ठेवावी. भिंतीआडच्या पानाची प्रत बऱ्याचदा अर्धीच होते, तेव्हा ती उघडून पाहिल्याशिवाय झाली असं धरू नये.