ट्रायकोग्रामा (अंडी परोपजीवी मित्रकीटक)

ट्रायकोग्रामा म्हणजे गांधीलमाशीच्या जातकुळीतली पण जेमतेम अर्धा मिलिमीटरची माशी, नुसत्या डोळ्यांना ती हलणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते. ती माणसाला चावत नाही, पिकाला हात लावत नाही, तिची सगळी वाढ पतंगाच्या अंड्यात होते. परोपजीवी म्हटलं तरी ती उवा-गोचिडीसारखी नाही, कारण उवा यजमानाला जगू देतात आणि ही त्याला हमखास मारते. बोंडअळी, खोडकीड असल्या अळ्यांवर ती सोडतात आणि इथे खरी गंमत अशी की अळी जन्मायच्या आतच संपते, म्हणजे पीक कुरतडायला कोणी उरतच नाही. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इतर परोपजीवी माश्यांच्या बाबतीत अळी मरेपर्यंत थोडंफार खातेच.

मादीला पतंगाच्या अंगावरून गळालेल्या खवल्यांचा आणि त्याच्या गंधाचा माग लागतो. अंडं सापडलं की ती त्यावर चढून मिशांनी ठोकत फिरते आणि त्या फेरीतच त्याचा आकार मापते. मोठ्या अंड्यात जास्त अंडी, छोट्यात एकच. मग पतंगाचं अंडं टोचून आत आपली अंडी घालते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. आतली माशीची अळी पतंगाचं अंडं खाऊन वाढते, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेरून ते अंडं काळं पडतं (हीच शेतात ओळखायची खूण) आणि उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत गोल भोक पाडून प्रौढ बाहेर येते. नर आधी निघतात आणि बहिणींची वाट बघत तिथेच थांबतात.

लॅबमध्ये वाढवायला तांदळावरच्या पतंगाची (कॉर्सिरा) अंडी वापरतात. अंडी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवतात म्हणजे आतला गर्भ मरतो पण खाणं टिकतं, नाहीतर त्याच अळ्या निघून कार्डावरचं सगळं फस्त करतील. अंडी डिंकाने कार्डावर चिकटवतात, माश्यांसोबत बंद करतात, काळी पडली की ट्रायकोकार्ड तयार. एका कार्डावर साधारण 20,000 अंडी असतात. पिढ्यानपिढ्या या बारीक अंड्यांवरच वाढवली की माश्या खुजट होतात, काहींचे पंखही नीट उघडत नाहीत, त्यामुळे अधूनमधून शेतातल्या किडीच्या अंड्यावर एखादी पिढी काढावी लागते.

सोडण्याचं गणित बहुतेक ठिकाणी टाइमिंगवर फसतं. मादीला ताजं अंडं हवं, आतल्या अळीचं डोकं काळं दिसायला लागलं की तिला ते चालत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात पतंग दिसायला लागले की लगेच पहिली खेप, मग साधारण आठवड्याच्या अंतराने पुढच्या. हेक्टरी 50,000 ते 1 लाख हा नेहमीचा आकडा. कार्डाचे तुकडे माश्या निघायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायचे, कारण ऊन आणि मुंग्या दोन्ही त्याचे वैरी आहेत. एका कोपऱ्यात टांगून चालत नाही, माशी आपणहून फार लांब जात नाही. आणि जवळच्या दिवसांत कीटकनाशक फवारलं तर सगळं पाण्यात. काही किडींवर हात टेकावे लागतात, उदाहरणार्थ स्पोडोप्टेरा हा पतंग अंड्यांचा पुंजका थरावर थर घालून वर केसांनी झाकतो आणि ट्रायकोग्रामाला आतले थर गाठता येत नाहीत. तिथे टेलेनोमस रेमस ही दुसरी अंडी परोपजीवी माशी बरी.

आता निकाल मोजायची गोष्ट, जिथे जाणकारही गडबडतात. शेतातून अंडी गोळा करून काळी किती होतात ते बघायचं, एवढंच वाटतं. पण समजा रोज 100 अंडी पडतात आणि त्यातली निम्मी पहिल्याच दिवशी माशीला सापडतात. चांगल्या अंड्यातून चौथ्या दिवशी अळी निघून जाते, पण परोपजीवी लागलेलं अंडं नऊ दिवस पानावर राहतं. म्हणजे कुठल्याही दिवशी शेतात 200 चांगली आणि 450 लागलेली अंडी असणार, तुम्ही आणलेल्या अंड्यांतली 69 टक्के काळी होणार आणि तुम्ही खूश, खरं प्रमाण मात्र 50. उलट फक्त आजचीच ताजी अंडी वेचली तर माशीला वेळच मिळालेला नसतो आणि आकडा खाली येतो. म्हणून लॅबमधली ताजी अंडी कार्डावर लावून ती कार्डं पिकात ठेवायची, दोन-तीन दिवसांनी सगळी परत आणायची आणि नंतर काळी पडलेली मोजायची, म्हणजे प्रत्येक अंड्याला सारखाच वेळ मिळतो. शेजारी माशी न सोडलेल्या तुकड्यातही तशीच कार्डं ठेवायची, कारण निसर्गात आधीपासून असलेली माशीही काही अंडी काळी करतेच आणि ती आपल्या खात्यात जमा होते.