रेनजॅकेटवरचे आकडे (वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबिलिटी)

रेनजॅकेटच्या आत शिवलेल्या लेबलवर किंवा दुकानात त्याला अडकवलेल्या पट्टीवर '१०,०००/१०,०००' किंवा थोडक्यात '१०के/१०के' अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. पाण्याचा किती उंच स्तंभ अंगावर पेलल्यावर कापडातून पाणी पाझरू लागते, हे तो सांगतो. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत पाण्याची किती वाफ पार होते, हे त्यावरून कळते. पहिला बाहेरच्या पावसाबद्दल बोलतो, दुसरा आतल्या घामाबद्दल. दोन्ही आकडे कोऱ्या कापडाच्या तुकड्यावर, प्रयोगशाळेत काढलेले असतात. शिवलेले, खांद्यावर सॅक घेऊन चार पावसाळे वापरलेले जॅकेट त्या यंत्रावर कधीच चढत नाही, आणि लेबल वाचताना होणारे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

मिलिमीटरचा आकडा

ही चाचणी समजायला सोपी आहे. आयएसओ ८११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कापडाचा १०० चौरस सेंटिमीटर भाग, म्हणजे साधारण तळहाताएवढा तुकडा, यंत्रात घट्ट आवळतात. त्याच्या एका बाजूने पाण्याचा दाब ठरावीक वेगाने वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूकडे डोळे लावून बसतात. कापडावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी थेंब उमटले की दाब नोंदवतात. मिनिटाला ६० सेंटिमीटर या वेगाने १०,००० मिलिमीटर गाठायला साधारण सतरा मिनिटे लागतात. आकडा मिलिमीटरमध्ये असल्यामुळे तो पावसाच्या मोजणीसारखा वाटतो आणि 'दहा हजार मिलिमीटर पाऊस सोसणारे जॅकेट' असे काहीजण समजतात. पर्जन्यमापकातल्या मिलिमीटरशी त्याचा काहीही संबंध नाही. हे माप दाबाचे आहे.

दाबाची कल्पना यायला एक हिशेब पुरेसा आहे. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार टाकतो. म्हणजे १०,००० मिलिमीटरचे कापड चौरस सेंटिमीटरला एक किलो सोसते. आता १२ किलोची सॅक धरा. तिचे सगळे ओझे खांद्यावर आहे आणि दोन्ही पट्टे मिळून १५० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले आहेत, असे मानले तर भार चौरस सेंटिमीटरला ८० ग्रॅम होतो, म्हणजे ८०० मिलिमीटर. पट्ट्याची कड किंवा बकल रुतते तिथे तो काही पटींनी वाढेल, तरी दहा हजार फार दूर राहतात. गुडघ्याचे मात्र वेगळे. ७० किलोच्या माणसाने ओल्या कातळावर एक गुडघा टेकला आणि त्यावर ३५ किलो भार तीस-एक चौरस सेंटिमीटरवर आला, तर आकडा अकरा-बारा हजारांवर जातो. दहा हजारांच्या पँटचा गुडघा ओला होतो आणि त्याच कापडाच्या जॅकेटची छाती कोरडी राहते, ते यामुळे.

युरोपात कामगारांच्या पावसाळी कपड्यांसाठी ईएन ३४३ हे मानक आहे. त्यात बरीच वर्षे सर्वांत वरचा वर्ग १३,००० पास्कलचा होता, म्हणजे जेमतेम १,३०० मिलिमीटर. २०१९च्या आवृत्तीत २०,००० पास्कलचा आणखी एक वर्ग आला, तोही दोन मीटरच्या आसपासच. वरच्या वर्गांत कापड आधी धुऊन, घासून, दुमडून घेतात आणि मगच तपासतात. दिवसभर पावसात उभे राहणाऱ्या माणसाचा कपडा झिजल्यावरही एवढा दाब सोसत असेल, तर तो कामाचा मानला जातो. म्हणून २०,००० मिलिमीटरचे जॅकेट १०,०००च्या दुप्पट कोरडे ठेवते, असा अर्थ लावता येत नाही. वरचे आकडे मुख्यतः झिजेसाठी हाताशी ठेवलेली शिल्लक असतात. दोन हजारांचे हलके जॅकेट शहरातल्या सरीला पुरते, पण सॅकखाली त्याचा पाणी अडवणारा आतला लेप घासला जाऊ लागला की त्याची शिल्लक लवकर संपते.

शिवण हा याच आकड्यात न दिसणारा भाग. सुई जिथे शिरते तिथे भोक पडते आणि भोकाला मिलिमीटर नसतात. आतून प्रत्येक शिवणीवर सीम टेप चिकटवलेली असेल, तरच कापडाच्या आकड्याला अर्थ उरतो. काही जॅकेटांत फक्त खांदे आणि टोपी एवढ्याच शिवणी टेप केलेल्या असतात. माझ्या मते दुकानात लेबल वाचण्याआधी जॅकेट उलटे करून बगलेची शिवण पाहावी. तिथे टेप असेल तर बहुधा सगळीकडे असते.

ग्रॅमचा आकडा

दुसऱ्या आकड्याची भानगड मोठी आहे, कारण तो काढायच्या पद्धती अनेक आहेत आणि लेबलवर पद्धतीचे नाव क्वचितच असते. जपानच्या जेआयएस एल १०९९ या एकाच मानकात अनेक पद्धती दिल्या आहेत. ए-१ पद्धतीत एका वाटीत ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवून तोंडावर कापड बसवतात आणि ती वाटी ४० अंश सेल्सिअस, ९० टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवतात. वाटीचे वजन किती वाढले यावरून पार झालेली वाफ कळते. बी-१ पद्धतीत कापडाची एक बाजू थेट पाण्याला टेकलेली असते आणि दुसऱ्या बाजूला पाणी जोराने ओढणारे पोटॅशियम ॲसिटेटचे द्रावण असते. पंधरा मिनिटांत काय ते मोजतात आणि पुढे गुणाकार करून २४ तासांचा आकडा लिहितात. पाणी अडवायला कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा काही प्रकारचा थर भिजला की वाफ जास्त वेगाने सोडतो, त्यामुळे तेच कापड बी-१मध्ये ए-१च्या दुपटीहून मोठा आकडा दाखवू शकते. पद्धत ठाऊक नसेल तर एका कंपनीचे १०,००० आणि दुसरीचे २०,००० शेजारी ठेवून निवड करण्यात काहीच हशील नाही.

काही उत्पादक त्याऐवजी आरईटी देतात. आयएसओ ११०९२ मानकाच्या या चाचणीत घाम सोडणाऱ्या कातडीसारखी ३५ अंशांची ओली, तापवलेली पाटी वापरतात आणि वाफेला कापडाचा किती अडथळा होतो ते मोजतात. अडथळा मोजला जात असल्यामुळे इथे लहान आकडा चांगला असतो. अंगावरच्या परिस्थितीच्या ही चाचणी जास्त जवळ जाते, आणि लेबलवर ती दिसली तर मी तिच्यावर अधिक भरवसा ठेवेन.

सह्याद्रीत हा आकडा किती उरतो

वाफ आपणहून बाहेर जात नाही. आतल्या हवेतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जितका जास्त, तितक्या जोराने ती ढकलली जाते. जुलैत राजगडाचा चढ चढताना नेमके काय होते, ते यावरून काढता येते.

ए-१ पद्धतीच्या पेटीत बाष्पदाब सुमारे ६.६ किलोपास्कल असतो आणि कॅल्शियम क्लोराइडच्या बाजूला जवळजवळ शून्य. म्हणजे ढकलणारा फरक ६.६चा. त्या फरकावर २४ तासांत १०,००० ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे ४१७ ग्रॅम वाफ एका चौरस मीटरमधून जाते. आता चढावर या. घामाने थबथबलेली कातडी ३२ अंशांना असेल, तर आतला बाष्पदाब ४.८ किलोपास्कलच्या आसपास. बाहेर धुके, २५ अंश आणि ९७ टक्के आर्द्रता, म्हणजे ३.१. फरक उरला १.७, चाचणीतल्या फरकाचा चौथा हिस्सा. त्या हिशेबाने तासाला शंभर-एक ग्रॅम वाफ बाहेर पडेल. जॅकेटने झाकलेले अंग साधारण एक चौरस मीटर धरले, तरी ओझे घेऊन चढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. जाते त्याच्या कितीतरी पट मागे राहते. शिवाय हा सर्वांत अनुकूल हिशेब आहे. आतला शर्ट आणि अडकलेली हवाही अडथळा करतात. हेच जॅकेट हिमालयात ५ अंशांच्या हवेत घातले, तर फरक चारच्या आसपास जातो आणि बाहेर पडणारी वाफ सह्याद्रीच्या दुपटीहून जास्त होते. ब्रीदेबल जॅकेटांची कीर्ती थंड मुलखांत झाली, त्यामागे हे कारण आहे. पावसाळी घाटात '२०के' घेऊनही ट्रेकर आतून भिजतो, तेव्हा जॅकेट खोटे नसते. हवेत वाफेला जागाच नसते.

म्हणून आपल्याकडे वाफेपेक्षा वाऱ्याची वाट जास्त उपयोगी पडते. बगलेत चेन असलेले, खालून सैल, टोपी मागे टाकता येणारे साधे जॅकेट कापडातून वाफ सोडण्याची वाट पाहत नाही. दमट हवा सरळ बाहेर काढते. कोकणात भातलावणीला डोक्या-पाठीवर घेतात ते इरले याच तत्त्वावर चालते. बांबूच्या कामट्यांवर पाने अंथरलेले ते छप्पर पाऊस अडवते आणि खालून पोटाशी वारा खेळता राहतो. त्यात वाफ अडतच नाही.

भिजणे आतले की बाहेरचे

ट्रेकहून परतल्यावर 'जॅकेट गळले' म्हणण्याआधी ओल कुठे आहे ते पाहावे. गळती रेघेने येते. खांद्याची शिवण, चेनची बाजू किंवा टोपीचा जोड यांच्या खाली थंड ओघळ उतरलेला असतो. घाम पसरून येतो. पाठ, काख आणि कोपराच्या आतली बाजू सारखीच चिकट होते आणि पोटाशी कापड कोरडे असू शकते.

तिसरी शक्यता बाहेरच्या लेपाची. नव्या जॅकेटवर पाणी टाकले की गोल थेंब होऊन घरंगळते, कारण वरच्या धाग्यांवर पाणी झटकणारा लेप असतो. मळ, घामाची क्षारे आणि वापर यांनी तो दबला की वरचे कापड गडद होऊन पाणी पिते. आतला थर तेव्हाही पाणी अडवत असतो, मिलिमीटरचा आकडा शाबूत असतो. पण भिजलेल्या कापडातून वाफ जेमतेम जाते, जॅकेट गार पडते, आत घाम साचतो आणि गळल्यासारखे वाटते. सौम्य साबणाने धुऊन, खूप खळबळून, लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णता दिली की हा लेप बऱ्याचदा परत जागा होतो. फॅब्रिक कंडिशनर मात्र घालू नये. तो धाग्यांवर बसून पाणी धरून ठेवतो.

आतला थर खरोखर गेला असेल तर तो हाताला कळतो. पॉलियुरेथेन उष्णता आणि दमटपणात हळूहळू तुटते, आणि ओले जॅकेट घडी घालून मुंबईच्या कपाटात वर्षभर ठेवले की ती क्रिया जोर धरते. आतल्या बाजूला पांढरे पोपडे सुटतात, कापड चिकट लागते, टेपची टोके उचलतात. संशय असेल तर जॅकेटची आतली बाजू वर करून कापडाचा खोलगा धरावा, त्यात वाटीभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी खालून हात फिरवावा. खोलग्यातले दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे केवळ १०० मिलिमीटरचा दाब. एवढ्यालाच तळहात ओला झाला, तर लेबलवरचे दहा हजार त्या जॅकेटला आता लागू नाहीत.