पेटीतले पाव डॉलर

विल्ट चेंबरलेन हा अमेरिकन बास्केटबॉलपटू सात फुटांहून उंच होता आणि १९६२ साली त्याने एकाच सामन्यात १०० गुण केले होते. राजकीय तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र त्याचं नाव निघतं ते एका पेटीमुळे. ही पेटी खरी नव्हती. रॉबर्ट नॉझिक या हार्वर्डच्या तत्त्वज्ञाने १९७४ साली आलेल्या ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या पुस्तकासाठी ती कल्पनेतून उभी केली. श्रीमंतांकडून कर घेऊन तो गरिबांसाठी खर्च करावा की नाही, या वादाची चर्चा आजही या पेटीला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

नॉझिक सुरुवातीलाच समोरच्याला हवं ते देऊन टाकतो. तुम्हाला संपत्तीची जी वाटणी न्याय्य वाटते, ती झाली आहे असं समजा. सगळ्यांना सारखं हवं असेल तर सगळ्यांना सारखं. या वाटणीला पहिली वाटणी म्हणू. आता बास्केटबॉलचा हंगाम सुरू होतो. चेंबरलेनने संघाशी करार केला आहे की घरच्या मैदानावरच्या प्रत्येक तिकिटातले २५ सेंट, म्हणजे पाव डॉलर, त्याचे. प्रेक्षक आत शिरताना तेवढी नाणी त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत टाकतात. कुणाची तक्रार नाही, त्याचा खेळ बघायलाच ते आलेले असतात. हंगामात दहा लाख लोक येऊन जातात आणि पेटीत अडीच लाख डॉलर जमतात. ही दुसरी वाटणी, आणि तिच्यात समानता उरलेली नाही.

नॉझिक विचारतो, यात अन्याय नेमका कुठे शिरला? पहिली वाटणी न्याय्य होती, हे तुम्हीच म्हणालात. प्रत्येकाने स्वतःचं नाणं स्वतःच्या मर्जीने दिलं. जे सामन्याला गेलेच नाहीत, त्यांच्याकडे पूर्वी होतं तेवढंच आजही आहे. मग दुसरी वाटणी अन्याय्य कशी? आणि पहिली टिकवायची असेल तर दोनच मार्ग उरतात. एक तर लोकांना नाणी टाकू द्यायची नाहीत, किंवा टाकलेली नाणी वरचेवर काढून परत वाटायची. कुठलाही ठरीव साचा घेतला तरी लोकांचं रोजचं देणं-घेणं तो मोडणारच, असं त्याचं म्हणणं.

या युक्तिवादामागे त्याचा हक्कदारीचा सिद्धांत आहे. कुणाच्याही नसलेल्या वस्तूवर मालकी योग्य रीतीने आली असेल, पुढची हस्तांतरणं राजीखुशीची असतील आणि मधल्या लुबाडणुकीची भरपाई झाली असेल, तर आज कुणाकडे किती आहे हा प्रश्न न्यायाचा राहतच नाही. वस्तू हातात कशी आली, तेवढंच बघायचं.

राज्यसंस्थेने काय करायचं, हे यातून आपोआप ठरतं. मारहाण, चोरी आणि फसवणूक यांपासून लोकांचं रक्षण करायचं आणि झालेले करार पाळायला लावायचे. पोलीस, न्यायालय, सैन्य, आणि तिथेच थांबायचं. रात्री गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्याचं काम तेवढं करायचं. यालाच किमान राज्य म्हणतात. (व्यक्तीच्या स्वातंत्र्यात राज्याने कमीत कमी हात घालावा असं मानणारे, म्हणजे लिबर्टेरियन म्हणवणारे, सगळे इथेच थांबतात असं नाही. अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड पोलीस आणि न्यायालयंसुद्धा खाजगी हवीत म्हणतो. याच परंपरेत गणल्या जाणाऱ्या अर्थतज्ज्ञ फ्रीडरिक हायेकला मात्र राज्याने सगळ्यांना किमान उत्पन्नाची हमी दिली तर चालतं.)

याच पुस्तकात नॉझिकने मिळकतीवरच्या कराला सक्तीच्या मजुरीच्या पंक्तीत बसवलं. पाच तासांच्या कामाची कमाई करापोटी घेणं म्हणजे त्या माणसाला पाच तास दुसऱ्यासाठी राबवणंच, असा त्याचा हिशोब. एका माणसाला सूर्यास्त बघण्यात आनंद आहे, दुसऱ्याला सिनेमात. सिनेमावाल्याला तिकिटासाठी जास्त काम करावं लागतं, म्हणून कर त्याच्याच मागे लागतो. सूर्यास्तवाल्याची मोकळी वेळ मात्र कुणी गरिबांसाठी मागून घेत नाही. हा भेदभाव का, याचं उत्तर झटकन सुचत नाही, हे मला मान्य करावंच लागतं.

दुसऱ्या बाजूला उभा असतो जॉन रॉल्स. तोही हार्वर्डचा, नॉझिकच्याच विभागातला, वयाने सतरा वर्षांनी मोठा. त्याचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ चं. त्याला सगळ्यांना सारखं हवं होतं, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. समजा, नियमांचे तीन संच आहेत. पहिल्यात सगळ्यांना दहा-दहा मिळतात. दुसऱ्यात तळाच्याला चौदा आणि वरच्याला साठ. तिसऱ्यात तळाच्याला बारा आणि वरच्याला दोनशे. सगळ्यांना समान मूलभूत स्वातंत्र्य आणि खऱ्या अर्थाने समान संधी या त्याच्या अटी तिन्हींत सारख्याच पाळल्या गेल्या असतील, तर रॉल्स दुसरा संच घेतो. तळाच्या माणसाचं जास्तीत जास्त भलं होत असेल, तर वरच्याचे साठ त्याला खुपत नाहीत. यालाच तो भेदाचं तत्त्व म्हणतो. चेंबरलेनची उंची चेंबरलेनने कमावलेली नाही, तशी कुणाची कोणत्या घरात जन्म घेण्याची पाळी कमावलेली नसते. अशा योगायोगांचा फायदा कुणाला किती व्हावा, हे नियम ठरवतात, आणि नियम आपण बनवतो.

आता हे तत्त्व घेऊन पेटीकडे परत येऊ. समजा, कायदा असा आहे की अशा मिळकतीवर चाळीस टक्के कर. पेटीतल्या अडीच लाखांतले एक लाख सरकारकडे जातात, चेंबरलेनला दीड लाख उरतात. तिकीटखिडकीवर कुणी कुणाला अडवलेलं नाही. हंगामाच्या मध्येच कुणी पेटी फोडलेली नाही. करार करतानाच त्याला ठाऊक होतं की प्रत्येक पाव डॉलरमधले पंधरा सेंट आपले आणि दहा सेंट कराचे. वरचेवर लुडबुड करणाऱ्या राज्याचं नॉझिकचं चित्र इथे फारसं लागू होत नाही. रॉल्स पैशांच्या एकेका व्यवहाराला साचा लावत नाही. तो व्यवहार ज्या चौकटीत होतात तिला लावतो, म्हणजे करव्यवस्था, वारसाहक्क, शिक्षण आणि मालमत्तेचा कायदा यांना. चौकट न्याय्य असेल, तर तिच्या आत ज्याला जे मिळेल ते त्याचं.

पण चौकटीची काळजी घ्यायची कशासाठी? गवतातून एक माणूस चालत गेला तर काही बिघडत नाही, दुसरा गेला तरी नाही. हजार माणसं गेली की तिथे पायवाट पडते आणि गवत पुन्हा उगवत नाही. यातल्या एकाही माणसाला दोष देता येत नाही. रॉल्सचं उत्तर याच वळणाचं आहे. एकेक सौदा स्वच्छ असला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सौद्यांची बेरीज अशी होऊ शकते की पुढच्या सौद्याला बसणारे दोघे बरोबरीचे राहत नाहीत. जी. ए. कोहेन या समतावादी तत्त्वज्ञाने बोट ठेवलं ते इथेच. सामन्याला न गेलेल्याकडे पूर्वीइतकंच आहे, हे खरं. पण पेटीत नाणं टाकणाऱ्याच्या मुलीने कुणाला काहीच दिलेलं नव्हतं, आणि तिला मात्र चेंबरलेनच्या मुलांची ताकद मोठी असलेल्या जगात वाढायचं आहे. तिची संमती कुणी घेतली?

माझ्या मते खरी गाठ याच्याही आधीची आहे. पहिल्या वाटणीत लोकांना नेमकं काय वाटून दिलं होतं? पाव डॉलरवरचा संपूर्ण, बिनशर्त, वारसांना देता येणारा हक्क वाटून दिला असेल, तर नॉझिक जिंकलाच. पण समतावादी माणूस पहिली वाटणी करायला बसला तर असा हक्क तो वाटेलच कशाला? तो कराच्या अटीसहितच वाटेल. म्हणजे बिनशर्त मालकी सिद्ध करण्यासाठी मांडलेल्या उदाहरणात ती आधीच गृहीत धरलेली आहे. मालकी राज्याच्या आधीची, असं धरलं की कर म्हणजे हिसकावणं. मालकी राज्याच्या नियमांतूनच घडते, असं धरलं की कर वजा जाण्याआधीच्या रकमेला ‘माझी’ म्हणण्यालाच अर्थ नाही.

नॉझिकसमोर आणखी एक घरचीच अडचण होती, आणि ती त्याने लपवली नाही. पहारेकऱ्याचा पगार कोण देणार? कर भरू न शकणाऱ्यालाही पोलिसांचं संरक्षण मिळत असेल, तर दुसऱ्याच्या पैशातून त्याला काहीतरी मिळालंच की. मग दवाखान्याने काय घोडं मारलंय? यावर पुस्तकाच्या पूर्वार्धात त्याने लांबलचक उत्तर दिलं आहे. लोक आधी संरक्षणासाठी खाजगी संस्थांना पैसे देतात. एक संस्था त्या भागात वरचढ ठरते. बाहेरच्या एकट्या माणसाला ती सांगते, तुझ्या हाताने न्याय करू नकोस, तुझ्या पद्धतीत आमच्या माणसांना धोका आहे. ही बंदी घातल्याबद्दल त्याला भरपाई देणं भाग आहे आणि सगळ्यांत स्वस्त भरपाई म्हणजे त्यालाही संरक्षणात घेणं. गरिबाला पोलीस मिळतात ते मदत म्हणून नव्हे, काढून घेतलेल्या हक्काचा मोबदला म्हणून. युक्तिवाद हुशारीचा आहे, पण त्यात एक दार उघडं राहतं. संरक्षणाची ही देवाणघेवाण भरपाई म्हणून खपत असेल, तर जमिनीवर कुंपणं पडल्यामुळे ज्याला कुठेच पाय ठेवायला जागा उरली नाही, त्याची भरपाई किती? मालकी घेताना इतरांची स्थिती बिघडता कामा नये, ही सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाकडून आलेली अट नॉझिक मानतो. पण ती तो इतकी सैल ठेवतो की वाळवंटातली एकुलती एक पाणी असलेली विहीर ताब्यात घेऊन हवा तो भाव लावणं, अशा टोकाच्या प्रसंगीच ती आड येते.

राहता राहिली लुबाडणुकीच्या भरपाईची अट. जगातली किती मालमत्ता गुलामगिरी, आक्रमण आणि फसवणूक यांतून न जाता आजच्या मालकापर्यंत आली आहे, हे नॉझिकलाही कळत होतं. एवढा इतिहास उकरून काढणं अशक्य. तेव्हा पुस्तकात त्याने एक ढोबळ नियम सुचवून पाहिला. जुन्या अन्यायाचे बळी ठरलेल्यांचे वंशज बहुधा आज तळाशीच असतील, असं मानलं, तर समाजाची रचना अशी करावी की जो गट तळाशी राहील त्याची स्थिती शक्य तितकी चांगली होईल. काही काळ त्यासाठी किमानपेक्षा मोठं राज्य लागलं तर लागू दे, असंही तो म्हणतो. हे वाक्य वाचताना पुस्तक बदललं की काय, असं मला वाटलं होतं. शब्दांत ते रॉल्सच्या भेदाच्या तत्त्वाजवळ येऊन उभं राहतं. फरक एवढाच की रॉल्ससाठी हा कायमचा नियम आहे आणि नॉझिकसाठी थकलेलं देणं, जे फिटलं की पहारेकऱ्याने परत आपल्या गस्तीवर जायचं. ते फिटलं हे कशावरून ओळखायचं, याबद्दल त्याने काही लिहिलेलं नाही.